परीक्षा पाच आठवड्यांवर आणि बदली नाशिकला

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेची तारीख जवळ आली की लातूरला माझ्याकडे एखाद-दुसरं माणूस तरी असं येतं, ज्याला ऐन वेळी गाव बदलावं लागणार असतं. कुणाला आधी दिलेल्या परीक्षेतून नोकरीचा आदेश आलेला असतो आणि हजर व्हायला आठ-दहा दिवसच असतात. कुणाच्या नवऱ्याची बदली होते, कुणाच्या घरी आजारपण निघतं. शेवटच्या महिन्यात ‘वातावरण मिळावं’ म्हणून आपणहून पुण्याला निघालेल्यांना मी थांबवून पाहतो. पण ज्यांना जाणं भागच आहे, त्यांना थांबवता येत नाही. ही मुलं-मुली येऊन पहिला प्रश्न विचारतात तो असा, “सर, पुस्तकं कोणती नेऊ?”

पुस्तकांचा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. त्यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच असते. आजवर रोजचा अभ्यास कशाच्या आधारावर उभा होता, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. आपण जिद्दीने बसतो असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण जिद्दीच्या जोडीला अभ्यासिकेतलं ठरलेलं टेबल असतं, साडेदहाला खालून हाक मारणारी मैत्रीण असते, वेळेवर डबा करून देणारं घरातलं कुणीतरी असतं. गाव सुटलं की हे सगळं एका दिवसात नाहीसं होतं. मग जिद्द तेवढीच असूनही बसणं होत नाही, आणि मुलं स्वतःला आळशी ठरवून मोकळी होतात.

यावर वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सवयी त्यांनी जाण्याआधी महिनाभर आणि गेल्यानंतर महिनाभराने तपासल्या. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं आणि टीव्ही पाहणं अशा साध्याच सवयी होत्या. ज्यांना नव्या ठिकाणी ती गोष्ट करण्याची परिस्थिती पूर्वीसारखीच मिळाली, त्यांची सवय टिकली. ज्यांची परिस्थिती बदलली, त्यांची चांगली मुरलेली सवयही मोडली. म्हणजे सवय माणसात असते तशी ती त्याच्या आजूबाजूलाही असते. तेव्हा जाण्याआधी करायचं काम हेच, की आपल्या अभ्यासाला आजूबाजूच्या कोणत्या गोष्टींनी धरून ठेवलं आहे ते शोधायचं आणि त्यांतल्या कोणत्या सोबत नेता येतील ते पाहायचं.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सविस्तर सांगतो. लग्न झालेली, सासू-सासऱ्यांसोबत लातूरला राहणारी. नवरा बँकेत. पूर्व परीक्षा पाच आठवड्यांवर असताना त्याची नाशिकला बदली झाली. सासू-सासरे लातूरलाच राहणार होते आणि या दोघांनी पुढे जायचं ठरलं होतं. परीक्षेचं केंद्र मात्र अर्ज भरताना निवडलं होतं तेच, लातूर. त्यामुळे परीक्षेसाठी पुन्हा मागे यावं लागणार होतं.

मी तिला आदल्या दिवसाचा अभ्यास कागदावर लिहायला सांगितला. किती तास केला ते नको, प्रत्येक बैठक सुरू होण्याच्या लगेच आधी काय घडलं ते लिही, असं सांगितलं. तिचा दिवस चार बैठकांचा होता. सकाळची पहिली बैठक घरी, तिच्या आधी काय, तर सासूबाई स्वयंपाकघरात शिरायच्या आणि हिला म्हणायच्या, “तू बस गं वाचायला.” दुसरी अभ्यासिकेत, मैत्रिणीने हाक मारल्यावर. तिसरी तिथेच डबा खाल्ल्यावर, चौघींनी मिळून प्रश्नसंच सोडवण्याची. चौथी रात्री, जेवणानंतर भांडी आवरली की पाठकोऱ्या कागदावर दिवसभरात वाचलेलं आठवून लिहायची. जेमतेम वीस मिनिटांची.

कागद पाहिल्यावर तिच्याच लक्षात आलं. पहिली बैठक सासूबाईंच्या आधाराने होती, दुसरी मैत्रिणीच्या, तिसरी चौघींच्या. नाशिकला यांतलं कुणीच नव्हतं; उलट सकाळचा स्वयंपाक आता तिच्याकडेच येणार होता. तिचं स्वतःचं म्हणता येईल असं फक्त ते रात्रीचं वीस मिनिटांचं आठवून लिहिणं होतं, कारण त्याची सुरुवात एका कामापासून व्हायची आणि भांडी नाशिकलाही असणारच होती. आतापर्यंत ती या बैठकीला अभ्यासात धरतही नव्हती. आम्ही तिलाच मुख्य केलं.

आठवून लिहिण्यावर माझा भर असण्याला कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने तपासलं तेव्हा मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. गाव बदलणाऱ्याच्या दृष्टीने यात आणखी एक सोय आहे. आठवून लिहायला पुस्तक लागत नाही, टेबल लागत नाही, शांतताही फारशी लागत नाही. खोकी न उघडलेल्या घरात, भिंतीला टेकून, गुडघ्यावर पॅड ठेवूनही ते होतं.

यातून तिची बैठक नव्याने बांधली. एक बैठक सत्तर मिनिटांची. पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदावर, मागच्या बैठकीतलं काहीही न बघता आठवून लिहायचं. पुढची पस्तीस मिनिटं वाचन, तेही आधी एकदा वाचून झालेल्या पुस्तकाचं किंवा स्वतःच्या टिपणांचं. मग वीस मिनिटांत त्याच घटकावरचे जुने प्रश्न, उत्तरपत्रिकेच्या नमुन्यावर गोल काळे करत. शेवटच्या पाच मिनिटांत चुका वहीत उतरवायच्या आणि खाली पुढच्या बैठकीची पहिली ओळ लिहून ठेवायची, उदाहरणार्थ ‘राज्यपालांचे अधिकार, टिपणाचं पान १४ पासून’.

या शेवटच्या ओळीचं मोल घर बदलताना कळतं. नव्या जागी माणूस दिवसभर निर्णयच घेत असतो. दूध कुठून आणायचं, पाणी किती वाजता येतं, गॅसच्या कागदपत्रांसाठी कधी जायचं. त्यातून अभ्यासाला बसल्यावर ‘आज काय घेऊ’ हा आणखी एक निर्णय समोर आला की पंधरा-वीस मिनिटं पुस्तकं चाळण्यातच जातात. ओळ आदल्या बैठकीत लिहिलेली असली तर हात थेट पान १४ कडे जातो.

दिवसाचा हिशेब तासांऐवजी बैठकांत ठेवायचा, हेही तेव्हाच ठरलं. लातूरला ती ‘आज नऊ तास झाले’ असं सांगायची. नव्या गावात नऊ तासांचा हट्ट धरला तर पहिल्याच दिवशी तो मोडतो आणि मग दोन तास मिळत असूनही मन लागत नाही. म्हणून दिवसांचे तीन प्रकार केले. घर लागल्यानंतरच्या दिवसात चार बैठका. आवराआवरीच्या दिवसात दोन. आणि सामान हलवण्याच्या, प्रवासाच्या दिवशी फक्त एक छोटी बैठक, पंचवीस मिनिटांची. दहा मिनिटं आठवून लिहिणं आणि पंधरा मिनिटं प्रश्न. कोणता दिवस कोणत्या प्रकारचा, हे आदल्या रात्री ठरवायचं. सकाळी कंटाळा आला म्हणून चारच्या दोन करायच्या नाहीत.

आता पुस्तकं. जी पिशवी टेम्पोत चढणार नाही आणि स्वतःच्या मांडीवरून जाईल, तिच्यात मावेल तेवढाच परीक्षेपर्यंतचा अभ्यास, असं मी तिला सांगितलं. तिने लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक ठेवलं. इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था आणि विज्ञान यांची स्वतःच्या हाताने काढलेली टिपणं ठेवली, आयोगाच्या मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिकेच्या नमुन्याच्या छायाप्रती, काळ्या शाईची दोन बॉलपेनं आणि चुकांची वही. राज्याच्या आर्थिक पाहणीची फाइल आणि चालू घडामोडींचे अंक लातूरला असतानाच फोनमध्ये उतरवून घेतले, कारण नव्या घरात इंटरनेट कधी येईल याचा भरवसा नसतो. मूळ ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत एका वेगळ्या पाकिटात, त्याच पिशवीत. सामानाच्या खोक्यांत ओळखपत्र गेलं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घर उलथंपालथं करावं लागलं, असं मी होताना पाहिलं आहे.

बाकीची पुस्तकं खोक्यात बांधून वर ‘परीक्षेनंतर’ असं लिहिलं. तिला हे जड गेलं. आधुनिक भारताच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ तिने निम्मा वाचला होता आणि नाशिकला तो पूर्ण करायची तिची इच्छा होती. मी नाही म्हटलं. पाच आठवड्यांतले दहा-बारा दिवस घर बदलण्यात जाणार असताना नवीन ग्रंथ हातात धरला, की आधीच्या चार विषयांची उजळणी मागे पडते. जुनं वाचलेलं डोक्यात ताजं ठेवणं एवढंच काम हातात घेतलं तर ते पुरं होण्यासारखं असतं.

जायला आठ दिवस होते तेव्हाच तिने घरी तालीम सुरू केली. अभ्यासिका बंद करून सत्तर मिनिटांच्या बैठका घरात, कधी माडीवर, कधी स्वयंपाकघरात बसून केल्या आणि प्रत्येक बैठक एका कामाला जोडली. सकाळचा चहा झाला, कप धुऊन ठेवला की कोरा कागद. दुपारचं जेवण झालं, ओटा पुसला की कोरा कागद. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांवर बराच अभ्यास केला आहे. ‘उद्यापासून जास्त वाचीन’ असं ठरवणाऱ्यांपेक्षा असा नेमका ठराव करणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता जास्त असते, असं त्यातून दिसतं. घड्याळाची वेळ का घेतली नाही, असं ती विचारत होती. नव्या घरात सहाला पाणी येईल की आठला, हे माहीत नव्हतं, म्हणून. सहाची वेळ एकदा चुकली की बैठकच गेली असं वाटतं. कप मात्र कधी ना कधी धुतला जातोच.

नाशिकला पोचल्यावरच्या पहिल्या दोन रात्री ती नीट झोपली नाही. हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे झोपेच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्राउन विद्यापीठातल्या मसाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की अशा पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा कमी गाढ झोपते आणि अनोळखी आवाज टिपत राहते. म्हणून पहिले तीन दिवस पूर्ण चाचणी सोडवायची नाही, असं ठरलं होतं.

तिने ते पाळलं नाही. आठवड्याच्या चाचणीचा वार चुकू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी तिने सामान्य अध्ययनाची पूर्ण चाचणी सोडवली आणि संध्याकाळी फोन केला, “सर, सगळं विसरले मी. तेरा गुण कमी झाले.” आवाज रडवेला होता.

मी तिला चुकांची वही उघडायला सांगितली. या वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारांपैकी एक कारण लिहायचं असतं: ‘माहीत नव्हतं’, ‘माहीत होतं पण आठवलं नाही’, ‘प्रश्न वाचताना चुकलं’, ‘अंदाज मारला’. पूर्व परीक्षेच्या या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात, वेळ दोन तास, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, वजा होतो. लातूरच्या शेवटच्या चाचणीत तिने ७८ प्रश्न सोडवले होते. त्यांतले ५६ बरोबर, २२ चूक. ११२ मधून ११ वजा जाऊन १०१ गुण. नाशिकच्या चाचणीत ८४ सोडवले, ५२ बरोबर, ३२ चूक. १०४ मधून १६ गेले, उरले ८८.

मग कारणं मोजली. लातूरच्या २२ चुकांपैकी ९ ‘माहीत नव्हतं’ आणि ६ ‘आठवलं नाही’ या सदरात होत्या, वाचण्याच्या ३ आणि अंदाजाच्या ४. नाशिकच्या ३२ चुकांत ‘माहीत नव्हतं’ ६ आणि ‘आठवलं नाही’ ७, पण वाचण्याच्या ११ आणि अंदाजाच्या ८. म्हणजे ज्ञानाशी संबंधित चुका १५ वरून १३ वर आल्या होत्या. उरलेल्या ७ वरून १९ वर गेल्या होत्या. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ यातलं ‘चुकीचे’ तिच्या नजरेतून निसटत होतं आणि थकल्यावर प्रश्न सोडून देण्याऐवजी ती गोल काळे करत सुटली होती. ती काही विसरली नव्हती. तिची झोप झाली नव्हती.

हा फरक ओळखता येणं फार गरजेचं आहे, कारण दोन्हींवरचा इलाज उलटा आहे. ‘आठवलं नाही’च्या चुका वाढल्या तर उजळणी वाढवावी लागते. वाचण्याच्या आणि अंदाजाच्या चुका वाढल्या तर अभ्यास थोडा कमी करून झोप पुरी करावी लागते. गुण पडले म्हणून घाबरून रात्री जास्त जागणारा विद्यार्थी नेमका ज्या कारणाने गुण पडले तेच वाढवतो. तिने पुढचे दोन दिवस दोन-दोनच बैठका केल्या आणि रात्री दहाला दिवा मालवला. पाचव्या दिवशी सोडवलेल्या चाचणीत वाचण्याच्या चुका ४ वर आल्या.

त्या फोनमध्ये तिने आणखी एक शंका बोलून दाखवली होती. लातूरच्या टेबलाशी बसून पाठ केलेलं नाशिकमध्ये आठवेल का? ही भीती अगदीच निराधार नाही. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांवर एक प्रयोग केला. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि जमिनीवर पाठ केलेले जमिनीवर. पण त्याच दोघांनी १९८० साली पुढचा प्रयोग केला, त्यात शब्द मनाने आठवायचे नव्हते, समोरच्या यादीतून ओळखायचे होते. तेव्हा जागेचा फरक दिसला नाही. पूर्व परीक्षेत चार पर्याय समोर असतात आणि त्यांतून ओळखायचं असतं, म्हणून इथे जागेची भीती कमीच बाळगावी. शिवाय स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बॉर्क यांच्या १९७८ च्या प्रयोगात एकच यादी दोन वेगळ्या खोल्यांत वाचणाऱ्यांना ती तिसऱ्या खोलीत जास्त आठवली, दोन्ही वेळा एकाच खोलीत वाचणाऱ्यांना त्यामानाने कमी. परीक्षा तर तिसऱ्याच खोलीत, कुठल्याशा शाळेच्या बाकावर व्हायची असते. तेव्हा लातूरला वाचलेल्या घटकाची नाशिकला उजळणी झाली, यात नुकसान काहीच नाही.

नाशिकमध्ये बसायला जागा शोधण्यासाठी मी तिला एकच दिवस दिला. नव्या शहरात लोक चांगल्या अभ्यासिकेच्या शोधात आठवडा घालवतात; पाच ठिकाणी चौकशी, दोन ठिकाणी एकेक दिवस बसून पाहणं, मग दूरच्या एखाद्या नामांकित जागेसाठी रोज तास-दीड तास येण्याजाण्यात घालवणं. चार आठवड्यांसाठी जागा घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असावी, तिथे उजेड आणि स्वच्छतागृह ठीक असावं आणि संध्याकाळी एकटीने परतताना रस्ता वाहता असावा. एवढं जमलं की पैसे भरून टाकायचे. तिने घराजवळची एक साधी अभ्यासिका घेतली आणि दोन बैठका तिथे, दोन घरी अशी विभागणी केली. महिन्याऐवजी पंधरा दिवसांचे पैसे भरता येतात का, हे विचारायला हरकत नसते. अनेक ठिकाणी ते चालतं.

चौघींच्या गटाची उणीव मात्र भरून निघाली नाही. फोनवर गट चालवून पाहिला, पण प्रश्नांपेक्षा कट-ऑफ किती लागेल याचीच चर्चा होऊ लागली. शेवटी तिने एकाच मैत्रिणीशी ठरवलं: रात्री नऊला दोघींनी आपापल्या कोऱ्या कागदाचा फोटो एकमेकींना पाठवायचा, वर एक शब्दही लिहायचा नाही. ज्या रात्री फोटो आला नाही, त्या रात्री दुसरीने फोन करायचा. तिसऱ्या बैठकीतली चुरस यातून आली नाही, पण खाडा पडणं थांबलं.

गाव बदलण्याच्या धांदलीत सर्वांत आधी कोणत्या पेपरकडे दुर्लक्ष होत असेल तर ते दुसऱ्या, म्हणजे सीसॅटकडे. तो केवळ पात्रतेचा, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे, म्हणून मुलं तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पण उताऱ्यांचा वेग सरावाने राहतो आणि सराव तुटला की आठ-दहा दिवसांत जाणवण्याइतका मंदावतो. प्रवासाच्या दिवशीच्या छोट्या बैठकीत तिने पंधरा मिनिटांचे प्रश्न म्हणून सीसॅटचाच एक उतारा घेतला. उताऱ्याला मागचं-पुढचं संदर्भपुस्तक लागत नाही. तो टेम्पोची वाट पाहताना पायरीवर बसूनही सोडवता येतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र घड्याळ परत आणलं. तोवर नव्या घराची घडी बसली होती, पाण्याची वेळ कळली होती. प्रवेशपत्रावर छापलेल्या दोन्ही पेपरांच्या वेळा पाहून तिने दोन बैठका नेमक्या त्या वेळांत नेल्या. सकाळच्या पेपरच्या वेळी सामान्य अध्ययन, दुपारच्या पेपरच्या वेळी सीसॅट. दुपारी जेवल्यावर तिला झोप यायची, आणि सीसॅटचा पेपर नेमका त्याच सुमारास होता. म्हणून त्या वेळी हलकं खाऊन उतारे सोडवायची सवय लावली. दोन्ही रविवारी दोन पूर्ण पेपर, मधली सुट्टी परीक्षेइतकीच.

परीक्षेसाठी लातूरला परतण्याचं तिने आधी असं ठरवलं होतं, की शनिवारी रात्री बसने निघायचं आणि रविवारी सकाळी उतरून थेट केंद्रावर जायचं. एक दिवस वाचला असता. पण उथळ झोपेचा धडा ताजा असल्यामुळे ती गुरुवारी रात्रीच निघाली. बसमध्ये झालेलं जागरण शुक्रवारी भरून निघालं. शुक्रवारी आणि शनिवारी, दोन्ही रात्री सासूबाईंच्या घरी, ओळखीच्या खोलीत झोप लागली. ज्यांना केंद्राच्या गावी आपलं घर नसेल, त्यांनी लॉजवर किंवा नातेवाइकांकडे एकाऐवजी दोन रात्री काढाव्यात असं मी सांगतो, कारण अनोळखी जागेतली पहिली रात्र परीक्षेच्या आदली नसावी.

शनिवारी सकाळी एकच बैठक, तीही फक्त चुकांच्या वहीवर. ‘वाचताना चुकलं’ या सदरातले सगळे प्रश्न तिने पुन्हा पाहिले आणि प्रत्येकातला निसटलेला शब्द पेन्सिलने गोल केला. बहुतेक ठिकाणी तो ‘नाही’, ‘चुकीचे’ किंवा ‘फक्त’ होता. संध्याकाळी केंद्रावर जाऊन शाळेचं फाटक आणि रिक्षा कुठे मिळते ते पाहून आली. रविवारी पहिला पेपर झाल्यावर बाहेर उत्तरांची चर्चा रंगली होती. ती बाजूला जाऊन डबा खाऊन बसली, कारण अजून सीसॅटचे ६६ गुण मिळवायचे होते आणि दुपारच्या त्या वेळेची सवय तिने दोन आठवडे केली होती. निकाल अजून लागायचा आहे.